एक टाकी, पाच माणसं आणि कुकरच्या तळाचं पाणी

प्रश्न: "आमच्याकडे एकाच टाकीचं कनेक्शन आहे, दुसरी टाकी नाही. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. टाकी जेमतेम चोवीस दिवस जाते. डाळी भिजवते, कुकरही वापरते, तरी फरक पडत नाही. सासूबाईंना शुगर आहे आणि रात्री ताजी पोळी लागते. टाकी महिन्याच्या वर जाईल असा आठवड्याचा बेत कोणी सांगेल का? (सुदामानगर, इंदूर)"

ताई, मी इंदूरलाच एकोणीस वर्षं डबे चालवले. डब्याच्या धंद्यात गॅस महिन्याच्या शेवटी नफा खातो, म्हणून मला तो वजनकाट्यावर मोजायची सवय लागली. पुढे धंदा बंद केला आणि घरची टाकी आली, तेव्हाही सवय सुटली नाही. त्याच सवयीवरून सांगते.

तुम्ही भिजवता आणि कुकर वापरता, तरी फरक पडत नाही, याचा अर्थ गळती दुसरीकडे आहे. आधी हिशेब बघू. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. चोवीस दिवसांत ती संपली, म्हणजे रोज साधारण ५९० ग्रॅम. ती पस्तीस दिवस जावी असं वाटत असेल, तर रोजचा खर्च ४०० च्या आसपास आला पाहिजे. म्हणजे रोजचे १९० ग्रॅम वाचवायचे आहेत. हे एका युक्तीने होत नाही, पण दहा युक्त्यांचीही गरज नाही.

तुमच्या घरचा खर्च मी पाहिलेला नाही, पण पाच माणसांच्या मराठी घरात तो साधारण कुठे जातो हे सांगू शकते. माझ्या शेगडीवर मोठा बर्नर पूर्ण आचेवर मिनिटाला सुमारे ३ ग्रॅम गॅस घेतो, लहान बर्नर २ ग्रॅम, आणि लहान बर्नर सिमवर एक ग्रॅमही घेत नाही. तुमची शेगडी थोडी वेगळी असेल. या मापाने दोन वेळच्या पोळ्या १६० ग्रॅम खातात, दोन वेळचे कुकर १२०, तीन भाज्या १२०, चहा-दूध-नाश्ता मिळून ११५. उरलेलं गरम करण्यात आणि "आले हं, फोन वाजतोय" म्हणून पेटत राहिलेल्या शेगडीत जातं. आंघोळीचं पाणी गॅसवर तापत असेल तर मात्र हा सगळा हिशेब मोडतो. एक बादली पाण्याला ५० ग्रॅमहून जास्त गॅस लागतो. तसं होत असेल तर आधी ते थांबवा, बेत नंतर बदला.

आता मूळ गोष्ट. एक लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण १२ ग्रॅम गॅस लागतो. तेच एक लिटर पाणी उकळून पूर्ण वाफ करायची असेल तर त्यावर आणखी ८० ग्रॅम. म्हणजे उकळी आणणं स्वस्त आहे, उकळत ठेवणं महाग आहे. उकळी आल्यावर आच कितीही मोठी केली तरी भांड्यातल्या पाण्याचं तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त उडते. डाळ लवकर शिजत नाही, खिडकीची काच तेवढी ओली होते. इंदूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी शंभराच्या थोडं आधीच, ९८ अंशांच्या आसपास, उकळतं. कुकरमध्ये दाब चढला की आतलं तापमान १२० च्या जवळ जातं, म्हणून तिथे काम लवकर होतं. पण हा फायदा दाब टिकवण्यात आहे, शिट्ट्या मोजण्यात नाही. प्रत्येक शिट्टी म्हणजे पैसे देऊन बनवलेली वाफ बाहेर फेकणं.

हे पटायला एक प्रयोग करा, मी तो बऱ्याच जणींना करायला लावला आहे. कुकरच्या तळाला मोजून तीन वाट्या पाणी घाला, नेहमीसारखा वरण-भाताचा कुकर लावा, पूर्ण आचेवर आठ शिट्ट्या होऊ द्या. कुकर आपोआप थंड झाल्यावर तळाचं पाणी परत वाटीने मोजा. माझ्याकडे निम्मंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वाट्या घाला, पहिली शिट्टी होऊ द्या, लगेच कुकर लहान बर्नरवर सरकवून अगदी सिम करा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांत शिटी एखादी झाली तर झाली, नाहीतर नुसती अधूनमधून फुसफुसेल. या वेळी तळाचं पाणी जवळजवळ तेवढंच सापडतं. उडालेल्या दर वाटीमागे पंधरा-सोळा ग्रॅम गॅस धरा. तुमचं तळाचं पाणी किती उडतं ते बघितलं की भिजवूनही फरक का पडत नाही, हे तुम्हालाच दिसेल. भिजवण्याने वेळ वाचतो, पण तो वेळ तुम्ही घड्याळात उतरवलाच नाही आणि शिट्ट्या जुन्याच आकड्याच्या घेत राहिलात, तर वाचलेलं परत उडून जातं. भिजवलेल्या तुरीच्या डाळीलाही पाच शिट्ट्या, न भिजवलेल्या डाळीलाही पाच, असं बहुतेक घरी चालतं.

म्हणून कुकरची भाषा बदला. "तीन शिट्ट्या" नाही, "पहिली शिट्टी आणि मग सिमवर इतकी मिनिटं". माझी मापं अशी: चाळीस मिनिटं भिजवलेल्या तुरीच्या डाळीला नऊ-दहा मिनिटं. मुगाच्या डाळीला पाच. रात्रभर भिजवलेल्या काबुली चण्यांना पंधरा, काळ्या चण्यांना वीस, राजम्याला अठरा-वीस. त्यानंतर गॅस बंद, आणि वजन न उचलता पंधरा मिनिटं कुकर तसाच. ही पंधरा मिनिटं फुकटची आहेत. आतली उष्णता तुम्ही आधीच विकत घेतलेली असते. नळाखाली धरून कुकर थंड करणं म्हणजे ती उष्णता मोरीत सोडणं. घाई असेल तर त्या दिवशी जेवणाची वेळ पुढे ढकला, पण हे करू नका.

कुकर लावण्याची अजून एक गोम आहे. आपण वरण आणि भात एकाच कुकरात, डब्यांवर डबे ठेवून लावतो. तांदूळ आणि डाळ दोन्ही भिजवले तर डाळ होईस्तोवर भाताचा गोळा होतो. मग लोक भाताला वेगळं पातेलं चढवतात आणि कुकरची बचत तिथेच संपते. उपाय सोपा: एकाच कुकरात लावायचं असेल तेव्हा डाळ भिजवा, तांदूळ भिजवू नका. नुसते धुऊन लगेच लावा. दोघांची वेळ जुळते. खालच्या डब्यात डाळ, मधल्यात भात, वरच्यात लाल भोपळा, बटाटे, दुधी यापैकी जे त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लागणार असेल ते, पाणी न घालता. एका कुकरच्या गॅसमध्ये तीन कामं होतात. तळाला दोन वाट्या पाणी पुरतं, कारण आता ते उडणार नाही.

भिजवण्याबद्दल थोडं थांबते, कारण इंदूरात इथेच बऱ्याच जणींचं अडतं. आम्ही मधे दोन वर्षं अशा घरात भाड्याने राहिलो जिथे स्वयंपाकालाही बोरिंगचंच पाणी होतं. छोले रात्रभर भिजवले, पस्तीस मिनिटं शिजवले, तरी दाताखाली कचकच. मी दुकानदाराला बोलले, चणे बदलले, पुन्हा तेच. शेवटी चहाच्या पातेल्याच्या तळाला पांढरा थर दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडचं बोरिंगचं पाणी जड असतं, त्यातला चुना कडधान्याच्या सालीला धरून बसतो आणि ती मऊ होऊ देत नाही. जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी त्या मानाने हलकं आहे. तुमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल, तरी कडधान्य भिजवण्यापुरतं आणि शिजवण्यापुरतं नर्मदेचं पाणी वेगळं भरून ठेवा. भिजवताना लिटरभर पाण्यात अर्धा-पाऊण चमचा मीठ घाला. मिठाने डाळ शिजत नाही हे आजीचं म्हणणं खूप ऐकलंय, पण भिजवण्याच्या पाण्यातलं मीठ साल मऊ करायला मदतच करतं. खाण्याचा सोडाही चालतो, पण जास्त झाला तर चव साबणासारखी येते आणि काही जीवनसत्त्वं जातात, म्हणून मी तो फक्त जुन्या, हट्टी चण्यांसाठी चिमूटभर वापरते. टोमॅटो, चिंच, आमचूर मात्र दाणा बोटाने दाबून पिचला की मगच. आंबटात दाणा पुढे शिजतच नाही.

कितीही भिजवलं तरी न शिजणारा दाणा असला तर तो जुना आहे. दोन वर्षं गोदामात पडलेला राजमा पाण्यात फुगतो, पण आतून दगडच राहतो. सियागंजातून एकदम पाच किलो स्वस्तात आणला आणि तो शिजायला दुप्पट गॅस लागला, तर ती स्वस्ताई नव्हे. आधी पावशेर आणून शिजवून बघा. उन्हाळ्यात, मे महिन्यात, रात्रभर ओट्यावर भिजवलेलं सकाळी फेसाळतं आणि आंबूस वास येतो. तेव्हा फ्रिजमध्ये भिजवा, नाहीतर झोपण्याआधी पाणी बदला. आणि राजमा कधीही नुसत्या गरम पाण्यात झाकून "आपोआप होईल" म्हणून ठेवू नका. कच्च्या राजम्यातलं विष खळखळ उकळल्यावरच जातं, कोमट उष्णतेत जात नाही. भिजवलेलं पाणी फेकायचं आणि राजमा कुकरलाच लावायचा.

आता बेत. मूळ कल्पना अशी की सकाळी पूर्ण ताट, रात्री एकाच भांड्यातलं जेवण. रात्रीचा कुकर, भाजी आणि पोळ्या मिळून तुमचे १८० ग्रॅम जातात. त्या जागी एक खिचडी ३५ ग्रॅममध्ये होते. सगळी खरी बचत इथे आहे, बाकीची त्याच्या भोवतीची.

सोमवारी सकाळी वरण-भाताचा कुकर लावा, पण डाळ दुप्पट. डाळीच्या डब्यात वाटीभर जास्त डाळ शिजवायला गॅस जवळजवळ तेवढाच लागतो. वरच्या डब्यात चार बटाटे. भाजी एकच: गिलके, दुधी, कोबी, जे हाताशी असेल ते, लहान बर्नरवर, झाकण ठेवून, झाकणावर थोडं पाणी ठेवून. ते पाणी तापलं की आमटीत घाला, गार पाणी घालू नका. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी: दीड वाटी तांदूळ, एक वाटी डाळ, आठ वाट्या पाणी. इथे दोन्ही अर्धा तास भिजवायचे, कारण ते एकत्रच शिजणार आहेत. फोडणी कुकरमध्येच, पहिली शिट्टी, सिमवर पाच मिनिटं, बंद. वर तूप, ताक, लोणचं. कढी नको, ती दुसरी शेगडी पेटवते.

मंगळवारी सकाळी पोळी आणि कालच्या उकडलेल्या बटाट्यांची भाजी. ती चार-पाच मिनिटांत होते. भात हवा असेल तर तो एकटाच कुकरात लावा, त्याला पहिल्या शिट्टीनंतर चार मिनिटं पुरतात. रात्री सोमवारच्या दुप्पट डाळीतली फ्रिजमधली उरलेली डाळ काढा आणि वरणफळं करा. डाळ फोडणी देऊन पातळ केली, उकळी आली की कणकेच्या पातळ पोळ्या लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडायचे, झाकण ठेवून दहा मिनिटं. मुलांना आवडतात, आणि पोळी, वरण दोन्ही एका भांड्यात येतात. फ्रिजमधली डाळ अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

बुधवारची मटकी सोमवारी सकाळी भिजवावी लागते, सोमवारी रात्री फडक्यात बांधायची, बुधवारी सकाळी मोड बोटभर. मोड आलेल्या मटकीला कुकर नको. कढईत झाकणाखाली बारा मिनिटं. हे लक्षात राहत नाही, म्हणून मी दाराला कागद चिकटवते: आज काय भिजवायचं, परवा काय खायचं. बुधवारी रात्री मसालेभात, तोंडली किंवा मटार घालून, कुकरमध्येच.

गुरुवारी सकाळी नेहमीचं वरण, भात, पोळी, पालेभाजी. रात्री गव्हाच्या दलियाची खिचडी: दीड वाटी दलिया कोरडा भाजून, अर्धी वाटी मुगाची डाळ, गाजर, मटार, टोमॅटो शेवटी. सासूबाईंच्या शुगरसाठी दलिया बरा असं सगळे म्हणतात, भाज्यांमुळे पोट भरतं हे खरं, पण तोही गहूच आहे; वाटी मोजूनच द्या.

शुक्रवारी सकाळी छोले, रात्री भिजवलेले. एकदम दुप्पट शिजवा. अर्धे आज रश्श्यात, अर्धे पाणी काढून डब्यात. शुक्रवारी रात्री साधा जिरेभात आणि ते छोले नाही, तर टोमॅटोचं सार. दोन वेळा सलग चणे मुलांना नकोसे होतात. उरलेले चणे रविवारी नाश्त्याला, कांदा-लिंबू-सेव घालून, न तापवता.

शनिवार-रविवार तुमच्या घरच्या उपासावर आणि पाहुण्यांवर सोडते. एवढंच सांगते की रविवारी दाल-बाफल्यांचा बेत केला तर आठवड्याच्या बचतीचा मोठा भाग त्याच दिवशी जातो. बाफले उकडायचे, मग तंदुरात तासभर भाजायचे. महिन्यातून एकदा करा आणि त्या दिवशी बाफले पातेल्यात वेगळे उकडू नका. डाळ शिजते त्या कुकरच्या वरच्या जाळीत ठेवून वाफवून घ्या, मग भाजा.

आता पोळी. इथे सगळा बेत अडकतो हे मला माहीत आहे. पोळीचा गॅस पोळी भाजण्यात कमी आणि तवा रिकामा तापत राहण्यात जास्त जातो. एकटी बाई लाटते आणि भाजते, तेव्हा एक पोळी लाटेपर्यंत तवा पूर्ण आचेवर नुसता तापतो. कधी नीट बघा: वीस पोळ्यांना तीस मिनिटं लागतात, पण तव्यावर पोळी असते ती त्यातली पंधरा-सोळाच मिनिटं. म्हणून गॅस पेटवायच्या आधी पाच-सहा पोळ्या लाटून घ्या. मधे कोरडं पीठ भुरभुरा आणि ताटात एकावर एक न ठेवता जरा पसरून ठेवा. सहापेक्षा जास्त आधी लाटल्या तर कणीक पाणी सोडते आणि त्या चिकटतात. मग तवा तापवा, त्या भाजत असताना पुढच्या लाटा. मला यात वीस पोळ्यांमागे आठ-दहा मिनिटं वाचतात. घरात कोणी दुसरं भाजायला उभं राहिलं तर अजून बरं, पण ते कोण राहणार हे तुम्हाला जास्त माहीत.

सासूबाईंच्या रात्रीच्या ताज्या पोळीवरून भांडण काढू नका. त्यांचे दोन फुलके वेगळे करा. कणीक सकाळचीच ठेवा, दोन लाटून मगच तवा पेटवा, पाच-सहा मिनिटांत, पंधरा-सोळा ग्रॅममध्ये काम होतं. बाकी चौघांनी खिचडी खाल्ली तर एवढा खर्च हिशेबात सहज बसतो. मी सुरुवातीला माझ्या सासूबाईंना सकाळची पोळी फडक्यात गुंडाळून दिली होती. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त दूध पिऊन झोपल्या. दुसऱ्या दिवसापासून फुलके सुरू झाले.

चहाचं थोडक्यात. दिवसातून तीनदा पाच-पाच कप ठेवण्याऐवजी सकाळी एकदाच करून थर्मासात भरला तर वीसेक ग्रॅम वाचतात. ज्यांना थर्मासातला चहा "उतरलेला" लागतो त्यांचा इलाज माझ्याकडे नाही.

हे सगळं करूनही फरक दिसला नाही, तर तीन गोष्टी तपासा. पहिली, कुकरची रिंग. दहा मिनिटं झाली तरी शिट्टी येत नाही, झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसते आणि थेंब शेगडीवर पडून चर्र वाजतात, म्हणजे रिंग सैल झाली, बदला. शिट्टीच्या नळीतून उजेड दिसतो का तेही बघा, तूरडाळीची सालं तिथे अडकतात. खिचडी-डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस वर चढून नळी बंद होते. दुसरी, ज्योत. निळी हवी. पिवळी असेल आणि भांड्याचे तळ काळे होत असतील तर गॅस पूर्ण जळत नाही; बर्नरची टोपी काढून भोकं टाचणीने साफ करा. ज्योत भांड्याच्या बाहेर आली तर ती ओट्याला तापवते, भांड्याला नाही. तिसरी, खरोखरची गळती. वास येत असेल तर काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा. वास नाही पण शंका आहे, तर नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर एजन्सीचा माणूस बोलवा, स्वतः पाना लावू नका. नारंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते.

आणि टाकी घेताना वजन करून घ्या. टाकी आणणाऱ्याकडे काटा असायला हवा, तो मागा. टाकीच्या गळ्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं, पंधरा-सोळा किलो काही असेल, त्यात १४.२ मिळवले की जो आकडा येतो तो काट्यावर दिसला पाहिजे. एक-दोन किलो कमी टाकी आली तर तुमची अर्धी बचत स्वयंपाकघरात येण्याआधीच गेली.

घरी मोजायला पन्नास किलोचा लटकवायचा काटा मिळतो, प्रवासाच्या बॅगा मोजतात तसा. दर रविवारी रात्री रेग्युलेटर बंद करून, काढून, दोघांनी मिळून टाकी काट्याला टांगून वजन लिहा. काटा नसेल तर टाकीवर ओलं फडकं उभं फिरवा; जिथपर्यंत आत पातळ गॅस आहे तिथपर्यंतचा ओलावा उशिरा सुकतो, त्या रेषेवर खडूने खूण करा. काट्याइतकं अचूक नाही, पण आठवड्याला रेष किती उतरली ते कळतं.

तुमच्या घराच्या मापाने बघायचं तर पहिल्या पूर्ण आठवड्यात घट २ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास आली पाहिजे. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पाणी गार असतं आणि चहा वाढतो, तेव्हा तीन किलो झाली तरी चालेल; मग टाकी तेहतीस दिवसांवर येईल. घट साडेतीन किलोच्या वर असेल तर बेतात फेरफार करू नका. आधी त्या रात्री कुकरच्या तळाचं पाणी वाटीने मोजा, आणि सकाळी पोळ्या होताना तवा किती वेळ रिकामा होता ते घड्याळ लावून बघा.